सहा हजार गाड्या आणि एक जोडरस्ता

संध्याकाळी सातच्या सुमारास अंधेरीहून बोरिवलीकडे गाडीने निघालेल्या माणसापुढे दोन मुख्य वाटा असतात. एक एस. व्ही. रोड, दुसरी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. (लिंक रोड ही तिसरी वाट, ती तूर्त बाजूला ठेवू.) हायवे रुंद आहे आणि त्यावर उड्डाणपूल आहेत. एस. व्ही. रोडवर दुकानं, बसथांबे, रिक्षा आणि दर थोड्या अंतरावर सिग्नल. नवख्याला वाटतं, हायवेच बरा. रोजचा माणूस मात्र म्हणतो, ‘कुठूनही जा हो, वेळ तेवढाच.’

हे वैतागाचं वाक्य वाटतं, पण वाहतुकीच्या गणितातला एक पायाभूत सिद्धांत जवळजवळ याच शब्दांत सांगता येतो. समजा, एके दिवशी एस. व्ही. रोडवरून दहा मिनिटं कमी लागली. ही बातमी लपून राहत नाही. कुणी सहकाऱ्याला सांगतो, कुणाला फोनवरचा नकाशा सांगतो. दुसऱ्या दिवशी हायवेवरचे काही जण तिकडे वळतात, तिकडची गर्दी वाढते, इकडची कमी होते आणि दहा मिनिटांचा फरक पाचावर येतो. फरक शिल्लक आहे तोवर वळणारे वळतच राहतात. तो संपला की वळण्यात कुणाचाच फायदा उरत नाही आणि गाड्यांची वाटणी स्थिरावते. ती कुणी ठरवलेली नसते आणि कुणी पोलीस ती घडवून आणत नाही. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतले जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये हा नियम नेमक्या शब्दांत मांडला. त्याचा आशय असा, की जे मार्ग प्रत्यक्ष वापरात आहेत त्या सर्वांवर प्रवासाला सारखाच वेळ लागतो, आणि जो मार्ग कुणीच वापरत नाही त्यावरून गेलं तर त्याहून कमी वेळ लागणार नाही. यालाच वॉर्ड्रॉपचा समतोल म्हणतात. इथे वेळ सारखा होतो, गाड्या नाही. रुंद रस्त्यावर गाड्या जास्त, अरुंदावर कमी, आणि घड्याळ दोन्हीकडे एकच.

हे सगळं घडतं ते रस्त्यावरचा वेळ गर्दीनुसार बदलतो म्हणून. गर्दी किती वाढली की वेळ किती वाढतो, यासाठी वाहतूक अभियंते जगभर एक जुनं सूत्र वापरतात. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ पब्लिक रोड्सने ते १९६४ मध्ये दिलं. रस्त्याच्या क्षमतेइतक्या गाड्या आल्या की मोकळ्या रस्त्यापेक्षा १५ टक्के जास्त वेळ लागतो, असं ते सांगतं. पण वाढ चौथ्या घातानं होत असल्यामुळे गाड्या क्षमतेच्या दुप्पट झाल्या की वेळ मोकळ्या रस्त्याच्या जवळपास साडेतीनपट होतो. आपण मात्र हिशेब हातानं करता यावा म्हणून वेळ सरळ प्रमाणात वाढतो असं धरू. निष्कर्षांचा रोख त्यामुळे बदलत नाही.

एक काल्पनिक गाव घ्या. गर्दीच्या तासात ६,००० गाड्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं आहे. पहिला रस्ता गावातून, बाजारपेठेतून जातो. तो जवळचा आहे. रिकामा असेल तर १० मिनिटं पुरतात. पण अरुंद आहे, म्हणून दर हजार गाड्यांमागे १० मिनिटं वाढतात. दुसरा बायपास. तो लांबून जातो, रिकामा असला तरी ३४ मिनिटं लागतात. पण रुंद आहे, दर हजार गाड्यांमागे फक्त २ मिनिटं वाढतात.

सगळे ६,००० गावातून गेले तर प्रत्येकाला ७० मिनिटं लागतील आणि बायपास ३४ मिनिटांवर रिकामा पडलेला असेल. हे टिकणार नाही. दोन हजार बायपासला गेले तर गावातून ५० मिनिटं आणि बायपासवरून ३८. अजूनही फरक आहे, अजून काही वळतील. तीन-तीन हजार झाले की गावातून १० अधिक ३० म्हणजे ४० मिनिटं, बायपासवरून ३४ अधिक ६ म्हणजे तेवढीच ४०. इथे हालचाल थांबते. उत्तर शोधायला समीकरण मांडा किंवा अशी चाचपणी करा, पोचाल तिथेच.

आता प्रश्न असा, की या ६,००० लोकांसाठी हीच वाटणी सर्वांत चांगली आहे का? गावातून आणखी एक हजार गाड्या कमी करून बघू. गावातून २,०००, बायपासवरून ४,०००. गावातून जाणाऱ्यांना ३० मिनिटं लागतील, बायपासवाल्यांना ४२. म्हणजे बायपासवाल्यांचं दोन मिनिटांचं नुकसान आणि गावातून जाणाऱ्यांचा दहा मिनिटांचा फायदा. सगळ्यांची मिळून आधी २,४०,००० मिनिटं जात होती, आता २,२८,००० जातात. एका तासाच्या गर्दीत २०० तास वाचले. सरासरी ४० वरून ३८ वर आली. गणितानं शोधलं तर या दोन रस्त्यांसाठी याहून चांगली वाटणी नाही.

पण ती टिकत नाही. बायपासवर ४२ मिनिटं घालवणाऱ्याला दिसतं, की गावातून ३० मिनिटांत पोचता येतं. तो वळतो. त्याच्या मागून दुसरा वळतो. हजार जण वळेपर्यंत सगळे पुन्हा ४० मिनिटांवर येतात आणि वाचलेले २०० तास हवेत विरतात. यात मूर्ख कुणीच नाही, प्रत्येकानं स्वतःपुरता अचूक निर्णय घेतलेला असतो.

चूक कुठे लपली आहे ते बघायला एकाच गाडीचा हिशेब करावा लागतो. समतोलात गावच्या रस्त्यावर ३,००० गाड्या आहेत. हजार गाड्यांमागे १० मिनिटं, म्हणजे एका गाडीमागे ०.६ सेकंद. तुम्ही त्या रस्त्यावर आलात की तुमच्यामुळे प्रत्येकाला ०.६ सेकंद उशीर होतो. कुणाच्या लक्षातही येणार नाही इतका. पण ज्यांना उशीर झाला ते ३,००० आहेत, आणि ०.६ सेकंद गुणिले ३,००० म्हणजे १,८०० सेकंद, पूर्ण ३० मिनिटं. तुमचा स्वतःचा प्रवास ४० मिनिटांचा, आणि इतरांच्या आयुष्यातून तुम्ही आणखी ३० मिनिटं घेतलीत. तुम्ही बायपासनं गेला असता तर स्वतःची ४० मिनिटंच गेली असती, पण इतरांची फक्त ६. तुमच्या घड्याळात दोन्ही रस्ते सारखे. सगळ्यांच्या घड्याळांची बेरीज केली तर एक रस्ता ७० मिनिटांचा आणि दुसरा ४६ चा. चालक आपलं घड्याळ बघून रस्ता निवडतो आणि ही दुसरी बेरीज कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नाही.

ही गोष्ट मोटारींच्या कोंडीच्याही आधीची आहे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० च्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात दोन रस्त्यांचं असंच उदाहरण दिलं होतं, आणि त्यात गाड्या म्हणजे अक्षरशः छकडे होते. काही छकडे चांगल्या रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर वळवले तर पहिल्यावर उरलेल्यांचा त्रास बराच कमी होईल आणि दुसऱ्यावरच्यांचा किंचितच वाढेल, म्हणून चांगल्या रस्त्यावर कर लावावा, असं त्यांचं म्हणणं. चार वर्षांनी अमेरिकेच्या फ्रँक नाइट यांनी त्यावर बोट ठेवलं. तो चांगला रस्ता खासगी मालकीचा असता, तर मालकानं आपल्या फायद्यासाठी नेमका तेवढाच टोल लावला असता, सरकारची गरजच पडली नसती, असा त्यांचा युक्तिवाद होता. पिगूंनी नंतरच्या आवृत्त्यांतून ते उदाहरण काढून टाकलं. मला हे त्यांनी उगाच केलं असं वाटतं. रस्ता कुणाचा असावा हा वाद वेगळा; दोन रस्त्यांचं गणित त्यात खोटं ठरलं नव्हतं.

याच गावात आता नगरपालिकेनं बाजारातला रस्ता दुप्पट रुंद करायचं ठरवलं असं समजा. दर हजार गाड्यांमागे १० ऐवजी ५ मिनिटं वाढतील. आजच्या ३,००० गाड्यांवरून अंदाज बांधला, तर ४० मिनिटांचा प्रवास २५ वर येईल. अहवालात हाच आकडा येईल आणि भूमिपूजनाच्या भाषणातही. पण रस्ता २५ मिनिटांचा झाला की बायपासवरचे लोक स्वस्थ बसतील का? ते गावात येतील. नवा समतोल सुमारे ३६ मिनिटांवर होईल आणि त्या वेळी गावातून पाच हजारांहून जास्त गाड्या जात असतील. पंधरा मिनिटं वाचणार होती, वाचली चार.

आणि बायपास इतका रुंद असेल, की गाड्या कितीही असोत त्यावर ठरलेली ४० मिनिटंच लागतात, तर? रुंदीकरणाआधी गावातून ३,००० गाड्या ४० मिनिटांत जात होत्या. रुंदीकरणानंतर १० अधिक पाच गुणिले सहा, म्हणजे सगळ्या ६,००० गाड्या गावातून जाऊन पुन्हा ४० मिनिटं! कोट्यवधी रुपये खर्च झाले, दुकानं मागे सरकली, आणि एकाही माणसाचं एक मिनिटही वाचलं नाही. फरक एवढाच, की बायपास ओस पडला आणि बाजारात दुप्पट धूर झाला.

तरीही इथवर निदान वाईट काही झालेलं नाही. फायदा शून्यावर आला, शून्याखाली गेला नाही. दोन टोकांमध्ये एकमेकांना न जोडलेले नुसते समांतर रस्ते असतील आणि गाड्यांची एकूण संख्या तेवढीच राहणार असेल, तर तिसरा समांतर रस्ता काढल्यानं कुणाचाच वेळ वाढू शकत नाही, हे सिद्ध करता येतं. वेळ खरोखर वाढायचा असेल तर समांतर रस्त्यांच्या मधोमध आडवा जोडरस्ता लागतो. हे जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये एका छोट्या लेखात दाखवलं. त्यांचंच मूळ उदाहरण घेऊ. फक्त एकक म्हणून हजार गाड्या आणि मिनिटं धरू.

अ पासून ड पर्यंत ६,००० गाड्यांना जायचं आहे. एक वाट ब गावावरून, दुसरी क गावावरून. प्रत्येक वाटेचे दोन तुकडे आहेत, एक अरुंद पूल आणि एक लांब मोकळा रस्ता. अरुंद तुकड्यावर दर हजार गाड्यांमागे १० मिनिटं लागतात. लांब तुकड्यावर ५० मिनिटं ठरलेली, आणि दर हजारामागे फक्त एक मिनिट वाढतं. ब च्या वाटेवर अरुंद तुकडा आधी येतो, मग लांब. क च्या वाटेवर लांब आधी, अरुंद नंतर. दोन्ही वाटा तुल्यबळ आहेत, म्हणून गाड्या निम्म्या-निम्म्या वाटल्या जातात. प्रत्येक वाटेवर ३,००० गाड्या, अरुंद तुकड्यावर ३० मिनिटं, लांबावर ५३, एकूण ८३.

आता ब पासून क पर्यंत एक सुरेख छोटा जोडरस्ता बांधला. रिकामा असताना १० मिनिटांचा, दर हजारामागे एक मिनिट वाढणारा. उद्घाटनाच्या दिवशी पहिला चालक हिशेब करतो. अ ते ब हा अरुंद तुकडा ३० मिनिटं, जोडरस्ता १० मिनिटं, क ते ड हा दुसरा अरुंद तुकडा ३० मिनिटं. एकूण ७०. थेट १३ मिनिटं वाचली! तो खूश होतो, दोघांना सांगतो, ते चौघांना सांगतात.

जोडरस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी आता दोन्ही अरुंद तुकड्यांवर चढते. आधी प्रत्येक गाडी एकाच अरुंद तुकड्यावर जायची. गाड्या तेवढ्याच, पण अरुंद जागांवरचा भार वाढत जातो. अखेर समतोल होतो तेव्हा २,००० गाड्या ब च्या जुन्या वाटेनं, २,००० क च्या जुन्या वाटेनं आणि २,००० जोडरस्त्यानं जात असतात. दोन्ही अरुंद तुकड्यांवर चार-चार हजार गाड्या आहेत, म्हणजे ४० मिनिटं. लांब तुकड्यांवर ५२. जुन्या वाटेनं ४० अधिक ५२, एकूण ९२. जोडरस्त्यानं ४० अधिक १२ अधिक ४०, तेही ९२. सगळ्यांचा प्रवास नऊ मिनिटांनी वाढला. सगळ्यांचा! ज्यांनी जोडरस्त्याचं तोंडही पाहिलं नाही त्यांचाही. एका तासाच्या गर्दीत ९०० तास जास्त गेले.

मग लोक जोडरस्ता सोडून का देत नाहीत? एकट्यानं सोडला तर काय मिळतं ते बघा. जुनी वाटही ९२ मिनिटांचीच झाली आहे. परत जाऊन काही हाती लागत नाही. सगळ्यांनी मिळून शपथ घेतली तर ८३ वर येता येईल, पण शपथ मोडणाऱ्या पहिल्या माणसाला पुन्हा ७० मिनिटांची वाट खुली असते. ब्रेसचा जोडरस्ता म्हणजे त्या ०.६ सेकंदाच्या हिशेबाचं विस्तारित रूप आहे. समतोलात जुन्या वाटेनं जाणारी गाडी इतरांचा मिळून ४२ मिनिटांचा उशीर करते. जोडरस्त्यानं जाणारी ८२ मिनिटांचा. ज्या जागी इतरांचं सर्वांत जास्त नुकसान होतं, नेमक्या त्याच दोन जागा नव्या रस्त्यानं एकमेकींना जोडून दिल्या आणि तिथून जाणं स्वस्त करून ठेवलं.

याच आकड्यांचा पुढचा भाग मला स्वतःला मूळ विरोधाभासापेक्षा जास्त आवडतो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. ६,००० ऐवजी २,००० गाड्या असतील तर काय होईल? जोडरस्ता नसताना प्रत्येकी ६१ मिनिटं लागतात. जोडरस्ता असेल तर सगळे त्यावरूनच जातात आणि ५२ मिनिटांत पोचतात. म्हणजे तोच जोडरस्ता दोन हजार गाड्यांना नऊ मिनिटं वाचवून देतो आणि सहा हजारांची नऊ मिनिटं खातो. आता ९,००० गाड्या घ्या. जुन्या वाटांनी साडेनव्व्याण्णव मिनिटं लागतात, पण जोडरस्ता पूर्ण रिकामा असला तरी तिकडून १०० लागतात, कारण दोन्ही अरुंद तुकडे तुंबलेले आहेत. मग तिकडे कुणी फिरकतच नाही आणि तो असून नसल्यासारखा होतो. एरिक पास आणि शारी प्रिन्सिपिओ यांनी १९९७ मध्ये हा पट्टा मोजून दाखवला. ब्रेसच्या उदाहरणात जोडरस्ता नुकसान करतो तो सुमारे २,६०० ते ८,९०० गाड्यांच्या दरम्यानच. त्याखाली तो उपयोगी आहे, त्यावर निरुपयोगी.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की एखादा जोडरस्ता चांगला की वाईट हे दुपारी दोन वाजता फिरून ठरवता येत नाही. पहाटे आणि रात्री त्यावरून जाणारे त्याची तारीफ करतील आणि ती खरी असेल. गर्दीच्या तासात तोच रस्ता आसपासच्या सगळ्यांना गाळात घालत असेल, आणि ते त्या रस्त्यावर उभं राहून दिसणारही नाही, कारण उशीर दूरच्या दोन पुलांवर होतो आहे.

हे प्रत्यक्ष कुठे घडलं, असं विचारलं की दोन दाखले हमखास पुढे येतात. पहिला न्यूयॉर्कचा. २२ एप्रिल १९९० रोजी वसुंधरा दिनानिमित्त तिथली गजबजलेली ४२वी स्ट्रीट बंद ठेवली. महागोंधळ होईल अशी भीती होती, पण वाहतूक उलट सुरळीत झाली. दाखला आकर्षक आहे, पण कॅलेंडर काढून बघा. तो दिवस रविवार होता. कोंडीच्या गणिताचा निकाल सुट्टीच्या एका दिवसावरून लावणं मला पटत नाही.

दुसरा दाखला दक्षिण कोरियातल्या सोलचा. चॉन्ग्येचॉन नावाच्या ओढ्यावर काँक्रीट टाकून त्याच्यावर उन्नत महामार्ग बांधलेला होता. महापौर ली म्यूंग-बाक यांच्या काळात २००३ मध्ये तो पाडायला सुरुवात झाली आणि २००५ मध्ये ओढा पुन्हा वाहता केला. शहर ठप्प होईल हे भाकीत खरं ठरलं नाही. पण त्याच सुमारास, २००४ मध्ये, सोलनं आपली सगळी बससेवा नव्यानं बांधली, रस्त्याच्या मधोमध बससाठी स्वतंत्र मार्गिका दिल्या. लोकांनी गाडी सोडून बस धरली की रस्ते आपोआप मोकळे होतात, त्याला ब्रेस लागत नाही. महामार्ग पाडण्याचा निर्णय चांगला होता असं म्हणता येईल. तो विरोधाभासाचा पुरावा आहे असं म्हणता येणार नाही.

त्यापेक्षा स्वच्छ पुरावा प्रयोगशाळेत मिळाला. अम्नोन रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत खऱ्या माणसांना संगणकावर असे मार्ग निवडायला लावले आणि वेळ कमी लागेल तितके जास्त पैसे देऊ केले. आधी जोडरस्त्याशिवाय, मग जोडरस्त्यासह, पुन्हा पुन्हा. लोक सुरुवातीला चाचपडले, पण फेऱ्या वाढत गेल्या तसे जोडरस्त्यावर गोळा होत गेले आणि त्यांची कमाई घटली. अनुभवानं ते शहाणे होऊन जोडरस्ता टाळतील ही आशा फोल ठरली, उलट अनुभवानंच ते समतोलाकडे सरकले.

हे वाचून मधला प्रत्येक जोडरस्ता संशयित ठरवायचा मोह होईल, म्हणून पुन्हा अंधेरीला यायला हवं. एस. व्ही. रोड आणि हायवे या दोन समांतर वाटांना रेल्वेवरून जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये धोकादायक म्हणून बंद केला गेला. ब्रेसचं उदाहरण डोक्यात ठेवून कुणी म्हटलं असतं, की आता कोंडी सुटेल. झालं उलटंच. आसपासच्या इतर पुलांवर आणि भुयारी मार्गांवर गाड्यांच्या रांगा लागल्या. कारण उघड आहे. ब्रेसच्या गणितात सगळ्यांना अ पासून ड पर्यंतच जायचं असतं, जोडरस्ता ही केवळ एक पर्यायी वाट असते. अंधेरीत पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्याला रूळ ओलांडायचेच असतात. त्याच्यासाठी पूल हा पर्याय नसून गरज आहे. जोडरस्त्यावरच्या गाड्यांपैकी किती गाड्या लांबच्या प्रवासातला शॉर्टकट म्हणून तिथे आल्या आहेत आणि किती गाड्यांचं काम त्या जोडरस्त्याशिवाय होणारच नाही, हे वेगळं काढल्याशिवाय काहीच बोलता येत नाही.

उपाय पिगूंपासून तोच आहे, इतरांच्या उशिराची किंमत चालकाला दिसली पाहिजे. आपल्या पहिल्या गावात सर्वोत्तम वाटणी २,००० आणि ४,००० ची होती, ३० आणि ४२ मिनिटांची. मधल्या १२ मिनिटांच्या किमतीइतका टोल गावच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी लावला, तर चालकाला दोन्ही वाटा सारख्याच वाटतील आणि ती वाटणी आपोआप टिकेल. स्टॉकहोमनं २००६ मध्ये शहराच्या मध्यभागाभोवती गर्दीच्या तासांनुसार बदलणारी आकारणी करून बघितली. सीमा ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे पाचव्या हिश्शानं घटल्या, आणि २००७ पासून ती कायम झाली. आपल्याकडचा टोल वेगळ्या जातीचा आहे. मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर वर्षानुवर्षं घेतला गेलेला टोल उड्डाणपुलांचा खर्च वसूल करण्यासाठी होता. पहाटे तीनला आणि सकाळी नऊला तो सारखाच असे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लहान गाड्यांसाठी माफ झाला तोही लोकांच्या खिशाकडे बघून, त्यामुळे कुठल्या रस्त्यावर किती गाड्या वळतील याचा हिशेब मांडून नव्हे.

टोल नको असेल तर जोडरस्ता फक्त गर्दीच्या तासांत बंद ठेवता येतो. एखाद्या शहराला आपला जोडरस्ता ब्रेसच्या जातीचा आहे का हे तपासायचं असेल, तर तेच करून बघावं लागेल. आधी काही आठवडे कामाच्या दिवशी, गर्दीच्या तासात, दोन्ही मुख्य वाटांवर टोकापासून टोकापर्यंतचा वेळ आणि अरुंद जागांवरच्या गाड्या मोजायच्या. मग तेवढेच आठवडे तो जोडरस्ता सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास बंद ठेवायचा, आणि पहिल्या आठवड्याचे आकडे हिशेबात धरायचे नाहीत, कारण लोकांना नव्या वाटा शोधून स्थिरावायला तेवढे दिवस लागतात. त्याच काळात एकूण गाड्या घटल्या की तेवढ्याच राहिल्या हेही मोजायचं. एकूण गाड्या तेवढ्याच असताना दोन्ही वाटांवरचा वेळ कमी झाला, तरच दोष जोडरस्त्याचा. गाड्याच कमी झाल्या असतील तर कारण दुसरीकडे शोधायचं. शाळांच्या सुट्ट्या, गणपती आणि पहिला पाऊस वगळून असे सलग आठवडे मुंबई-पुण्यात काढणं सोपं नाही. पण सगळं गणित त्या मोजणीवरच उभं आहे.